बंद दुकानाची आमंत्रणपत्रिका

वैशाख लागला की पत्रिका यायला लागतात आणि माझं डोकं तापायला लागतं. आता बऱ्याचशा फोनवरच येतात, पण काही हौशी मंडळी अजून छापील पत्रिका दारात आणून देतात, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. मी ती हातात घेते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. घरातले हसतात. म्हणतात, लग्नच आहे, त्यात वाचायचं काय एवढं? आता यांना काय सांगू! आपल्याकडे लोक छापील पत्र वाचत नाहीत, नुसतं बघतात. कुंकू दिसलं की लग्न आणि कोपरा फाटलेला दिसला की मयत. या दोहोंच्या मध्ये माणसाच्या आयुष्यात आणखी काही घडत असेल, याची आपल्या टपालात सोयच नाही. हे मला एका वैशाखाने शिकवलंय, आणि तो धडा इतका महाग पडला की मी तो अजून विसरलेली नाही.

ती सत्तरच्या दशकातली वर्षं. मोठा दुष्काळ मागे पडला होता आणि थांबलेली लग्नं भराभर उरकायला लागली होती. शिरूरच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान होतं. पणजोबांनी काढलेलं, आजोबांनी वाढवलेलं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जिवापाड सांभाळलेलं. दुकानामागच्या दोन खोल्यांत घर. माल पितळेचा आणि तांब्याचा, थोडा काशाचा. भांडं वजनावर विकायचं, जुनं फुटकं भांडं मोड म्हणून घ्यायचं आणि त्याची किंमत नव्यातून वजा करायची, हा धंदा. नव्या भांड्यावर नाव घालून द्यायचं काम आप्पा स्वतः करत. कळशी मांडीत धरून ते छिन्नीवर हातोडीने बारीक टकटक सुरू करत. लग्नसराईत ती टकटक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायची. मला अभ्यास करायचा असायचा, मी कानात कापूस घालायची. आज वैशाखातली दुपार मला मुकी वाटते ती त्यामुळेच. दुकानात गवताचा वास असायचा, कारण पुण्याहून माल गवतात बांधून यायचा. पितळ घासायला भिजवलेल्या चिंचेचा वासही त्यात मिसळलेला. आणि ऊन असं की, दारात मांडलेल्या हंड्याला चुकून हात लागला की माणूस हंड्याच्या घराण्याचा उद्धार करूनच पुढे जायचा.

आई जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मी एकुलती एक, दौंडला प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्न न झालेली. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे छोटीशी पडवी. त्या हिवाळ्यात आप्पा माळ्यावरचा बंब काढताना घसरले आणि बंबासकट खाली आले. दुपारी शेजाऱ्यांनी उचलेपर्यंत ते तिथेच पडून होते. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली. भांड्यांच्या दुकानदाराने वजन उचलायचं नाही म्हणजे मग करायचं तरी काय? शिवाय स्टील आलं होतं. पोरी आता रुखवतात स्टीलचे डबे मागत होत्या. मी म्हटलं, आप्पा, पुरे झालं. दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला.

दुकान बंद करायला ते तीन दिवसांत तयार झाले. पण माझ्याकडे यायला मात्र तयार होईनात. म्हणजे येणार होते, दुसरं जाणार कुठे? पण तसं म्हणायला तयार नव्हते. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा संस्कारात वाढलेला माणूस. लग्न झालेल्या लेकीकडे राहायचं तर जावयाचं मिंधेपण, आणि माझ्यासारखी बिनलग्नाची लेक म्हणजे थेट तिच्या पगारावर जगणं. ते दौंडला दोन दिवस आले तरी भाकरी फडक्यात बांधून आणत आणि जाताना दुधाचे पैसे गुपचूप देव्हाऱ्यात ठेवत. मी भांडायची, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बाजारात कोणी विचारलं, आप्पा, दुकान बंद करून जाणार कुठं, की म्हणायचे, ‘‘तिकडं.’’ तिकडं म्हंजी कुठं? ‘‘तिकडंच.’’ हात पूर्वेला करायचे. दौंड शिरूरच्या दक्षिणेला आहे, तो भाग वेगळाच.

गिऱ्हाइकांना पत्र पाठवायचं हा हट्टही त्यांचाच. तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं, त्यांना गपचूप फळ्या लावून कसं जायचं? मलाही ते पटलं. पण पत्र लिहायला बसलो आणि मी कपाळाला हात लावला. दुकान बंद करण्याचं पत्र लिहिणं काही सोपं नसतं. शेवटचा दिवस कोणता, तो आधी स्पष्ट पाहिजे. कुणाचं भांडं डागायला, कल्हईला किंवा नाव घालायला दुकानात पडलेलं असेल, तर ते त्या दिवसापर्यंत न्या, हे पाहिजे. लग्नासाठी बयाणा दिलेला असेल त्यांचा माल ठरल्याप्रमाणे मिळेल, ही हमी पाहिजे, नाहीतर दिवाळं निघालं म्हणून लोक पळत येणार. पुढे डागडुजीला कुणाकडे जावं ते पाहिजे. आणि कुणाचं काही राहूनच गेलं, तर दुकानदार कुठे भेटेल तो पत्ता पाहिजे.

आप्पांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, फक्त कारण आणि पत्ता सोडून. मी ‘वृद्धापकाळामुळे’ घातलं, तर ते म्हणाले, म्हातारा झालो हे काय छापून वाटायचं? ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, अहो, ते पोलिसांनी पकडल्यासारखं वाटतं. शेवटी ‘प्रकृतीस अनुसरून’ यावर तह झाला. पत्त्यावर मात्र तह होईना. मी लिहायची, ‘यापुढील पत्ता : द्वारा कुमारी सुमन, दौंड’. ते खोडायचे आणि लिहायचे, ‘पत्ता मागाहून कळवू’. मी पुन्हा लिहायची, ते पुन्हा खोडायचे. एका रात्रीत त्या कागदाची चाळण झाली. मी चिडून विचारलं, मी काय वाईट ठिकाण आहे का? तर म्हणाले, तुझं न्हाई गं, लोकांचं तोंड.

मजकुराची भाषा हा आणखी एक ताप. आप्पांनी आयुष्यभर दुकानाच्या पाट्यांव्यतिरिक्त एकच प्रकारचं छापील मराठी वाचलेलं, लग्नपत्रिकेचं. त्यामुळे पत्राच्या वर ‘श्री’, मग ‘कुलस्वामिनीच्या कृपेने’, मग वैशाखातली तिथी, वार, आणि शेवटी ‘तरी त्या दिवशी आपण सहकुटुंब अगत्याने येण्याचे करावे’. मी म्हटलं, सहकुटुंब कशाला? भांडी न्यायला एकटा माणूस पुरतो. तर म्हणाले, बाईमाणसाला वगळून बोलावणं बरं दिसत नाही, भांडी त्यांचीच असतात. हा मुद्दा मला खोडता आला नाही, म्हणून सहकुटुंब राहिलं.

पत्र मी दौंडला छापायला दिलं. आमच्या गल्लीतल्या छापखान्याचे मालक लग्नसराईत घामाघूम झालेले. त्यांनी मजकूर वाचला आणि विचारलं, ‘‘बाई, पत्ता ऱ्हायलाय का?’’ मी म्हटलं, राहिला नाही, राहू दिलाय. माझ्या हातात पेन होतं. एक ओळ मी तिथेच घालू शकले असते, आणि आप्पा विचारायलाही आले नसते. पण ती ओळ मी लिहून काय उपयोग? ती त्यांच्या तोंडून यायला हवी होती. मी दात खाऊन तसंच छापा म्हटलं. मालकांकडे साधा कागद संपला होता, पिवळा होता. अक्षरांचे खिळे जुळवताना लग्नाची चौकट आधीच बांधलेली होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. वर गणपतीचा ठसा आला. मी तक्रार केली तर म्हणाले, गणपतीचे पैसे घेत नाही.

पिवळी पत्रं घेऊन मी न्हावऱ्याच्या एसटीने शिरूरला गेले. आता फक्त पत्ते घालायचे. तिथे कळलं की आप्पांना गिऱ्हाइकांची नावं माहीत नाहीत, भांडी माहीत आहेत. केंदूरच्या ‘मोठ्या परातीवाल्या’. कारेगावचे ‘तांब्याचा बंब, टोटी डावीकडं’. मी लेखणी हातात धरून बसले आणि ते डोळे मिटून एकेक भांडं आठवत, मग त्यावर स्वतः घातलेलं नाव आठवत, मग गाव. पिन कोड नावाचं नवं प्रकरण तेव्हा नुकतंच आलेलं, त्याने ते अधिकच वैतागले. पत्रं बुकपोस्टाने जायची होती. पाकीट उघडं ठेवायचं, छापील मजकूर असला की कमी तिकीट लागतं. मी दोन दिवस घसा कोरडा करून सांगत होते की छापील पत्राखाली हाताने मजकूर लिहू नका, नाहीतर पोस्ट ते साधं पत्र धरतं आणि उरलेल्या तिकिटाचा दंड घेणाऱ्याकडून वसूल करतं. मी चहा करायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर पंधरा-वीस पत्रांखाली ‘गुडघ्याला जपा’, ‘मोठी परात चिंचेनेच घासावी’ असं लिहून झालेलं. ती मला पूर्ण तिकीट लावून पाठवावी लागली.

आणि मग कुंकू. मी पत्रं पोस्टात टाकायला निघाले, तर आप्पांनी गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. आईचा करंडा आणला. मी म्हटलं, हे कशाला? आप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘कोरं पत्र दारात आलं तर माणसं आदी आंघोळीला पळतील.’’ खरंच होतं ते. कोरं छापील पत्र म्हणजे मयत. गिऱ्हाइकांनी आमच्या नावाने आंघोळ करावी हे मलाही नको होतं. पण उरलं काय मग? आप्पा बोट बुडवत होते आणि एकेका पत्राच्या चारही कोपऱ्यांना टेकवत होते. पिवळा कागद, गणपती, चौकट, तिथी, सहकुटुंब, अगत्य, आणि वर हळदकुंकू. मी शिक्षिका होते, मला तेव्हाच कळायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण मी मजकूर स्वतः लिहिला होता. वाचणाऱ्याला त्यात लग्न दिसेल असं कोणाच्या डोक्यात येणार?

शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मी शिरूरलाच राहिले. आठ-दहा दिवसांत दुकानात झुंबड उडाली. आप्पांचा आनंद पाहण्यासारखा होता. केंदूरहून आले, कारेगावहून आले, कोणी कळशी घेतली, कोणी परात, कोणी समई. सगळ्यांनी नाव घालून मागितलं, स्वतःचं. ‘अमुक यांजकडून’. लग्नसराईत असंच असतं, आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव. आप्पा दिवसभर टकटक करत होते. उरलेला माल पुण्याचा घाऊक व्यापारी परत घेणार होता, पण नुसता कोरा माल. नाव घातलेलं किंवा वापरलेलं भांडं म्हणजे मोड, मोडीच्याच भावाने. त्यामुळे जितका माल इथेच विकला जाईल तितकं बरं होतं. जागेच्या मालकाला दुकान आणि मागच्या खोल्या रिकाम्या करून द्यायचा दिवसही तोच, पत्रातला. आप्पा म्हणायचे, पत्राची किमया बघ. गिऱ्हाइकं मला बघून गोड हसायची आणि बायका माझ्या गालावरून हात फिरवायच्या. मला वाटलं, दुकान बंद होतंय म्हणून कळवळा. एक म्हातारी म्हणाली, ‘‘उशिरा का व्हईना, झालं बाई.’’ मी तेही दुकानाबद्दलच धरलं.

शेवटच्या दिवशी सकाळी मी फळ्या काढल्या, तर समोर दोन बैलगाड्या उभ्या. लुगडी नेसून बायका उतरत होत्या. पुढे केंदूरच्या हिराबाई, मोठ्या परातीवाल्या. आईच्या बरोबरीच्या, हक्काने बोलणाऱ्या. त्यांनी दुकानावर नजर टाकली, रस्त्यावर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला तो मांडव कुठाय असा. मी विचारलं, कसला मांडव? तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून आणखी माणसं आली, एकाच्या हातात आप्पांसाठी टोपी-उपरणं. मुलीच्या बापाचा मान. आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक भांडं. आठवड्यात आमच्याच दुकानातून नेलेलं, आप्पांनीच नाव घातलेलं.

माझ्या लक्षात आलं तेव्हा मला रडावं की हसावं कळेना. हिराबाईंनी परात माझ्या पुढ्यात ठेवली, त्यांच्या मागोमाग कळशा, समया, तांबे. ज्या दुकानाचा माल संपवायचा म्हणून महिनाभर जीव काढला, ते दुकान दुपारच्या आत पुन्हा भरत चाललं होतं, आणि आता सगळा माल नाव घातलेला! घाऊकवाल्याच्या भाषेत, मोड. आहेर परत करणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं, ते तर शक्यच नव्हतं. त्यात पाहुण्यांना काही द्यायला हवं. घरात दोघांपुरत्या भाकरी. मी कोरं मोठं पातेलं ओढलं आणि चुलीवर चहा ठेवला. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण चुलीवर चढलेलं पातेलंही मोडीतच जमा.

कारेगावचे साळवे मामा तेवढ्यात आले. पंचायत समितीत शिपाई, आमचं जुनं गिऱ्हाईक. सगळ्यांना जयभीम घालून त्यांनी पितळी तांब्या खाली ठेवला. मी त्यांना बाजूला घेऊन रडकुंडीला येऊन विचारलं, मामा, तुम्ही तरी पत्र वाचलं होतं का? ते म्हणाले, वाचलं की, दोनदा. लगीन न्हाई हे ठावं व्हतं. मग तांब्या कशाला? तर सगळी गावं आहेर घेऊन निघाली, आपण एकट्यानंच रिकामं कसं यावं, बरं दिसंना. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी मायाही आली.

हिराबाईंनी ते ऐकलं. लगीन न्हाई? त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांनी सांगितलं की पत्र दुकान बंद करायचं होतं. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, मग कुंकू कशाला लावलं. आप्पा म्हणाले, कोरं कसं धाडायचं. यावर सगळ्यांनी मान डोलावली, हे त्यांना लगेच पटलं.

मग साळवे मामांनी विचारलं. ‘‘पत्रात समदं हाय, आप्पा. शेवटचा दिस हाय, भांडी कुणाकडं डागायची त्ये हाय. पर तुमचा पत्ता न्हाई. उद्या तुमास्नी भेटावंसं वाटलं तर कुठं यायचं?’’

मला वाटलं, आता हात पूर्वेला जाणार. मी चहाच्या पातेल्याकडे बघत राहिले. आप्पांच्या हातात ती टोपी होती, मुलीच्या बापाची. त्यांनी ती उलटीसुलटी केली. मग कोणाकडेही न बघता ते बोलले, पण स्पष्ट.

‘‘लगीन न्हाई, पर कुणीतरी नांदायला चाललंय ह्ये खरं हाय. मीच चाललोय. दौंडला, लेकीच्या घरी. तिच्या पगारावर. आता ऱ्हाणार तिथंच.’’

मी मान वर केली नाही. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, माझाही कुणाला दाखवायचा नव्हता. इतक्या दिवसांचा सगळा वैताग नेमका कशाचा होता, ते मला तेव्हा समजलं. माझ्या घराचं नाव उच्चारायला त्यांना लाज वाटते, हे मला इतकं लागलं होतं.

हिराबाई उठल्या. माझ्यापुढची परात त्यांनी उचलली आणि आप्पांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. ‘‘मंग आहेर चुकीचा न्हाई आणला आमी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माहेरची भांडी नगं का संगं? रिकाम्या हातानं नांदायला जातंय का कुणी?’’

एकेक करून सगळ्यांनी आपापलं भांडं माझ्यापुढून उचललं आणि आप्पांपुढे ठेवलं. टोपी-उपरण्यावाल्याने उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं. आप्पा प्रत्येक भांडं हातात घेत होते, आपण घातलेलं नाव अंगठ्याने चाचपून बघत होते आणि खाली ठेवत होते. घाऊकवाला दुपारी आला, त्याने कोरा माल मोजून नेला आणि उरलेल्या ढिगाकडे बघून मोडीचा भाव सांगितला. आप्पा त्याला म्हणाले, ही मोड न्हाई, माझं सामान हाय. संध्याकाळी जागेच्या मालकाला किल्ली दिली. भांडी गवतात बांधून पोत्यात भरली, पोती एसटीच्या टपावर चढवली. हमालाने शिव्या घातल्या. मीही घातल्या असत्या, कारण माझ्या दोन खोल्यांत एवढं पितळ ठेवायचं कुठे?

गाडी सुटली. कंडक्टर पेटी घेऊन आमच्या बाकापाशी आला आणि त्याने विचारलं, कुठलं देऊ?

‘‘दोन दौंड,’’ आप्पा म्हणाले. ‘‘शाळेमागं लेकीचं घर हाय माझ्या, पुढं पडवी हाय, तिथं. कवा आलासा तर पाणी प्यायला या.’’

कंडक्टरने फक्त तिकीट विचारलं होतं.